मुंडन केलेली मेणबत्ती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१२ मे २०२५. सोमवारची संध्याकाळ होती. बाजार बंद होऊन तासभर झाला असेल, आणि आमच्या शेजारचा मुलगा मोबाइल हातात घेऊन धावतच वर आला. "काका, निफ्टीची मारुबोझू बनलीय! बंद अगदी टोकाला. उद्या सकाळी उघडल्या उघडल्या एक लॉट घेतो. तुम्ही काय म्हणता?"

त्याच्या वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतले चार लाख रुपये त्याच्या खात्यात होते. ते त्याने वाढवून द्यायचे, असे बापलेकांत ठरले होते. मी त्याला बसवले, चहा दिला आणि जे सांगितले तेच आज आपल्याला जरा सविस्तर सांगणार आहे. प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. बाजाराचा आलेख पाहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. भाव दिवसभर चढत गेला आणि उच्चांकाजवळच बंद झाला, तर उद्या तो आणखी चढेल, की आजच्या धावण्याने दमून बसेल?

आधी ही मेणबत्ती म्हणजे काय ते पाहू. भावाच्या आलेखात एका दिवसासाठी चार आकडे घेतात: सुरुवातीचा भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव. सुरुवात आणि बंद यांच्यामधला भाग जाड चौकोनाने दाखवतात. त्याला आपण धड म्हणू. उच्चांक आणि नीचांक धडाच्या वर-खाली बारीक रेघेने दाखवतात. ती झाली वात. बंद भाव सुरुवातीच्या वर असेल तर धड हिरवे किंवा पांढरे, खाली असेल तर लाल किंवा काळे. मी बँकेत नोकरीला असताना वर्तमानपत्रातले भाव पाहून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने या मेणबत्त्या काढत असे. आता त्या फोनवर आपोआप उमटतात.

ही पद्धत जपानी. तिचे नाते तिथल्या जुन्या तांदूळ बाजाराशी जोडले जाते. स्टीव्ह निसन या अमेरिकन लेखकाच्या १९९१ सालच्या पुस्तकामुळे ती जपानबाहेर सर्वत्र पसरली. मारुबोझू हाही जपानीच शब्द. त्याचा अर्थ तुळतुळीत मुंडन केलेले डोके. ज्या मेणबत्तीला वर-खाली वातच नाही, नुसते धड आहे, ती मारुबोझू. हिरवी मारुबोझू म्हणजे भाव ज्या ठिकाणी उघडला त्याच्या खाली गेलाच नाही आणि ज्या ठिकाणी बंद झाला त्याच्या वर गेला नाही. अगदी गुळगुळीत डोके क्वचितच सापडते. थोडी वात राहिली तरी व्यवहारात लोक तिला मारुबोझूच म्हणतात.

आता त्या सोमवारची मेणबत्ती मोजून पाहू. अपूर्णांक सोडून देतो. निफ्टी आदल्या शुक्रवारी २४,००८ वर बंद झाला होता. शनिवारी भारत आणि पाकिस्तान यांच्यातली लष्करी कारवाई थांबल्याची बातमी आली. सोमवारी निर्देशांक २४,४२० वर उघडला, खाली २४,३७९ पर्यंत गेला, वर २४,९४५ पर्यंत पोहोचला आणि २४,९२५ वर बंद झाला. म्हणजे धड ५०५ अंकांचे, वरची वात २० अंकांची, खालची ४१ अंकांची. नीचांकापासून उच्चांकापर्यंतची दिवसाची एकूण चाल ५६६ अंकांची. बंद भाव नीचांकापासून ५४६ अंक वर होता, म्हणजे संपूर्ण चालीच्या ९६ टक्के उंचीवर. शेजारच्या मुलाचे चुकले नव्हते. मेणबत्ती खरोखरच मारुबोझूच्या अगदी जवळची होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी ९१७ अंकांची वाढ छापली, आणि ती बरोबरच होती. पण त्यातले ४१२ अंक बाजार उघडतानाच मिळाले होते. ते मेणबत्तीच्या धडात येत नाहीत. बाजार सुरू असताना झालेल्या सौद्यांनी कमावले ते ५०५ अंक. हा फरक किती मोठा असू शकतो, हे आदल्या वर्षी दिसले होते. ३ जून २०२४ रोजी, मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजानंतर, निफ्टी ७३३ अंकांनी वाढून २३,२६४ वर बंद झाला. मथळे मोठमोठे होते. पण तो उघडला होता २३,३३८ वर. म्हणजे उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो ७४ अंक खालीच आला होता आणि त्या दिवसाची मेणबत्ती लाल होती. सकाळी टोकाला उडी, आणि मग दिवसभर कोणी पुढे ढकलायला नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष निकाल आले आणि निर्देशांक १,३७९ अंकांनी कोसळला. निकाल काय लागणार हे मेणबत्तीला ठाऊक नव्हते, आणि तसा दावा मी करणार नाही. सांगायचे एवढेच की "बाजार खूप वाढला" आणि "मोठी हिरवी मेणबत्ती बनली" ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

मग बंद भाव उच्चांकाजवळ असणे याला एवढे महत्त्व का? दिवसातल्या इतर कोणत्याही क्षणापेक्षा बंद होण्याची वेळ निराळी असते. ज्यांनी फक्त त्या दिवसापुरते सौदे केलेले असतात, त्यांना तेव्हा ते मिटवावे लागतात. सकाळी घेतलेले विकून मोकळे व्हायचे असते. त्यामुळे चढलेल्या भावावर शेवटच्या तासात नफावसुलीचा दाब येतो. हा दाब येऊनही भाव टोकाजवळ टिकला, तर कोणीतरी तो सगळा माल घेऊन रात्रभर जवळ ठेवायला तयार होता, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारात त्या काळी, म्हणजे मे २०२५ मध्ये, बंद भाव हा शेवटच्या एका सौद्याचा भाव नव्हता. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, उलाढालीनुसार वजन दिलेली सरासरी म्हणजे बंद भाव. म्हणून अशा बाजारात अगदी बिनवातीची मारुबोझू जवळजवळ बनतच नाही. पण बंद भाव ९६ टक्के उंचीवर आला, तर भाव निदान अर्धा तास त्या उंचीवर टिकून होता हे निश्चित. शेवटच्या मिनिटाला कोणी एक धक्का देऊन तेवढे साधत नाही.

इथपर्यंत सगळे तेजीवाल्याच्या बाजूने आहे. पण याला दुसरी बाजू आहे. शेवटच्या तासात खरेदी करणारा प्रत्येक जण माल ठेवण्यासाठीच घेतो असे नाही. ज्यांनी भाव पडेल या हिशेबाने आधी विकून ठेवलेले असते, त्यांनाही बंद होण्यापूर्वी माल परत घ्यावा लागतो. भाव जितका चढेल तितकी त्यांची घाबरगुंडी उडते, आणि ते मिळेल त्या भावाला घेतात. ही खरेदी भाव वर ढकलते, पण ती अडचणीतून केलेली असते. दुसऱ्या दिवशी हा खरेदीदार नसतो. त्याची गरज कालच भागलेली असते. याउलट एखाद्या मोठ्या फंडाला भरपूर शेअर घ्यायचे असतील, तर ते एका दिवसात घेता येत नाहीत. भाव अंगावर येतो. असा खरेदीदार चार दिवस, आठ दिवस थोडे थोडे घेत राहतो. तो असेल तर मारुबोझूच्या पुढे चाल सुरू राहते. मेणबत्ती मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच दिसते. घेणारा हौसेने घेतो आहे की नाइलाजाने, हे धडाच्या लांबीवरून कळत नाही.

म्हणूनच मी त्या मुलाला म्हणालो, "तुझी मेणबत्ती खरी आहे. पण तिने तुला आज काय झाले ते सांगितले. उद्याचे काही सांगितलेले नाही. त्यासाठी आणखी दोन ठिकाणी पाहावे लागेल."

पहिले ठिकाण म्हणजे ही मेणबत्ती प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आली. बराच काळ भाव एका पट्ट्यात अडकून होता आणि त्यातून तो या मेणबत्तीने बाहेर पडला, की अनेक दिवस धावत असताना ही सर्वांत लांब उडी आली? १२ मेच्या आधीचे दोन-अडीच आठवडे निफ्टी साधारण २४,००० ते २४,५०० च्या आसपास घुटमळत होता. त्या पट्ट्यातून तो एका दिवसात वर निघाला. हे चाल पुढे चालू राहण्याच्या बाजूचे लक्षण.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्याला शांघायमध्ये मिळते. २४ सप्टेंबर २०२४ रोजी चीनच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर आणि शेअर बाजार यांच्यासाठी मोठ्या सवलती जाहीर केल्या. आदल्या दिवशी २,७४९ वर असलेला शांघायचा निर्देशांक सलग पाच दिवस चढला. पाचव्या दिवशी, म्हणजे ३० सप्टेंबरला, तो एकाच दिवसात ८ टक्क्यांनी वाढून ३,३३६ वर गेला. २००८ नंतरची ती सर्वांत मोठी एका दिवसाची वाढ होती. मेणबत्ती लांबलचक आणि बंद उच्चांकाजवळ. पाच दिवसांत २१ टक्के वाढ, आणि त्यातली सर्वांत लांब मेणबत्ती शेवटी. लग्नाच्या वरातीत सर्वांत मोठे फटाके कधी उडतात ते आठवा.

त्यानंतर आठवडाभर तिथला बाजार सुट्टीसाठी बंद होता. या सुट्टीत ज्यांनी काहीच घेतले नव्हते, त्यांची तळमळ वाढत गेली असणार. ८ ऑक्टोबरला बाजार उघडला तो थेट ३,६७४ वर, दहा टक्के वर. आणि तोच उच्चांक ठरला. दिवसअखेर निर्देशांक ३,४९० वर आला. आदल्या बंदपेक्षा तो साडेचार टक्क्यांहून अधिक वर होता, पण त्या दिवसाची मेणबत्ती लांबलचक लाल होती. ३० सप्टेंबरला शांघाय आणि शेंझेन मिळून सुमारे २.६ लाख कोटी युआनची उलाढाल झाली होती. ८ ऑक्टोबरला ती सुमारे ३.४५ लाख कोटींवर गेली. अधिक पैसा आला, आणि भाव मात्र उघडल्यापासून खाली गेला. म्हणजे विकणारे घेणाऱ्यांपेक्षा उतावीळ होते. दुसऱ्या दिवशी निर्देशांक ६.६ टक्के पडून ३,२५९ वर आला, मारुबोझूच्या बंद भावाच्याही खाली. ज्यांनी ८ ऑक्टोबरच्या सकाळी ३,६७४ ला घेतले, त्यांना तो भाव पुन्हा दिसायला ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला.

या उदाहरणात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की ३० सप्टेंबरच्या मेणबत्तीत दमल्याची एकही खूण नव्हती. ती असणारच नाही. वरची वात नाही, म्हणजे वरून कोणी ढकलले नाही. थकवा दिसला तो तिच्या मागच्या पाच दिवसांत आणि तिच्या पुढच्या एका दिवसात.

हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. २००७ च्या डिसेंबरात एका छोट्या बांधकाम कंपनीचा शेअर तीन आठवड्यांत १४० रुपयांवरून २२८ वर आला होता. मी रोज नुसता पाहत होतो. मग एक दिवस तो २२८ ला उघडून २५९ ला बंद झाला. वात जवळजवळ नव्हतीच, आणि उलाढाल नेहमीच्या सहापट. इतके दिवस थांबलेला माझा धीर त्या दिवशी सुटला. दुसऱ्या दिवशी २६४ ला पाचशे शेअर घेतले. त्याच संध्याकाळी तो २५१ वर बंद झाला. मला वाटले, कालची मेणबत्ती एवढी दणदणीत आहे, भाव परत येईलच. जानेवारीत सगळा बाजारच कोसळला आणि मी १४८ ला विकून बाहेर पडलो. अठ्ठावन्न हजार गेले. आज विचार करतो तेव्हा वाटते की त्या सहापट उलाढालीत माझ्यासारखेच असणार, तीन आठवडे काठावर उभे राहून शेवटी उडी मारणारे. आम्ही आलो, आणि आमच्यामागे यायला कोणी उरले नव्हते.

आता दुसरे ठिकाण, मारुबोझूनंतरचे दिवस. इथे दोन भाव आखून ठेवावेत. एक धडाचा मध्य आणि दुसरा मेणबत्तीचा नीचांक. १२ मेच्या मेणबत्तीत मध्य २४,६७२ आणि नीचांक २४,३७९. पुढच्या दिवसांत भाव धडाच्या वरच्या अर्ध्यातच राहिला तर घेणारे अजून जोरात आहेत. मध्याच्या खाली बंद झाला तर जोर ओसरला, पण हार झालेली नाही. नीचांकाच्या खाली बंद झाला, तर त्या मेणबत्तीने सांगितलेले सगळे रद्द समजावे. त्या दिवशी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण तेव्हा तोट्यात असतो आणि सुटका शोधत असतो.

प्रत्यक्षात काय झाले? मंगळवारी, १३ मे रोजी, निफ्टी ३४६ अंक पडून २४,५७८ वर बंद झाला. म्हणजे मध्याच्या खाली. गुरुवारी, १५ मेला, तो ३९५ अंक चढून २५,०६२ वर गेला, मारुबोझूच्या बंदच्या वर. पुढे पुन्हा खाली आला. २२ मेला दिवसभरात साधारण २४,४६० पर्यंत घसरला. १३ जूनला, इस्रायलने इराणवर हल्ला केल्यानंतर, तो साधारण २४,४७० वर उघडला. दोन्ही वेळा तो २४,३७९ च्या वरच थांबला. जूनच्या अखेरीस तो २५,५०० च्या वर होता. म्हणजे चाल पुढे सुरू राहिली, हे खरे. पण ती दीड महिना घालवून, आणि मारुबोझूचे सगळे धड पुन्हा एकदा, जवळजवळ तळापर्यंत, तपासून मग सुरू राहिली.

आता त्या मुलाच्या सौद्याचा हिशेब करू. त्या वेळी निफ्टीच्या एका लॉटमध्ये ७५ नग होते. फ्यूचरचा भाव निर्देशांकापेक्षा थोडा वेगळा असतो, पण समजायला सोपे म्हणून निर्देशांकाचेच आकडे घेऊ. सोमवारच्या बंद भावाला, २४,९२५ ला, खरेदी केली, तर चूक ठरल्याची खूण २४,३७९ वर, म्हणजे ५४६ अंक खाली. ७५ ने गुणले तर सुमारे ४१,००० रुपये. चार लाखांतले दहा टक्के एका सौद्यात पणाला. आणि एवढ्या धोक्याच्या बदल्यात निदान तेवढाच नफा हवा म्हटले, तर निफ्टी २४,९२५ अधिक ५४६, म्हणजे २५,४७१ वर जायला हवा. तिथे तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला. मधल्या काळात दोनदा तळाशी लोंबकळून.

तीच खरेदी मंगळवारच्या पडझडीनंतर २४,५८० च्या आसपास केली असती, तर चुकीची खूण अवघी २०० अंक खाली होती. धोका १५,००० रुपयांचा. दिशा तीच, मेणबत्ती तीच, पण धोका एक तृतीयांशाच्या आसपास. लांब मेणबत्तीच्या टोकाला घेणाऱ्याची खरी अडचण ही असते. त्याची दिशा बरोबर असली तरी तो चुकीच्या उंचीवर उभा असतो. थांबणाऱ्यालाही अर्थात किंमत मोजावी लागते. कधी कधी भाव मागे येतच नाही आणि तो सौदा हातचा जातो. १ फेब्रुवारी २०२१ ला अर्थसंकल्पाच्या दिवशी निफ्टी ६४७ अंक चढून १४,२८१ वर, उच्चांकाजवळ बंद झाला, आणि आठवडाभरातच १५,१०० च्या वर गेला. मागे वळून पाहिले नाही. तेव्हा थांबलेले थांबूनच राहिले. मात्र हुकलेल्या सौद्यात खात्यातला रुपया जात नाही. टोकाला घेतलेल्या सौद्यात तो जातो.

त्या मुलाने काय केले? त्याने माझे ऐकून घेतले, चहाबद्दल आभार मानले आणि मंगळवारी सकाळी साधारण २४,८५० ला एक लॉट घेतला. दुपारपर्यंत भाव घसरू लागला तसा तो घाबरला आणि २४,६०० ला विकून मोकळा झाला. २५० अंक गुणिले ७५, म्हणजे १८,७५० रुपये गेले. दोन दिवसांनी निफ्टी २५,००० च्या वर. गुरुवारी संध्याकाळी तो पुन्हा आला तेव्हा पैशांपेक्षा त्याला दुसरेच दुःख होते. "काका, मी बरोबर होतो ना?" मी म्हटले, "दिशेबाबत बरोबर होतास. पण चूक केव्हा मानायची ते तू आधी ठरवले नव्हतेस, म्हणून भीतीने ते ठरवले." त्याने जिथे विकले ते ठिकाण मेणबत्तीच्या हिशेबात काहीच नव्हते. नीचांक अजून २२१ अंक खाली होता. पण तिथपर्यंत थांबायचे तर आधी सुमारे ३५,००० चा विचार करून, तेवढे सोसणार की नाही हे ठरवूनच सौद्यात उतरायला हवे होते. सोसणार नसेल, तर सौदाच करायला नको होता.

आपल्यापैकी कोणी विचारील की या सगळ्याचा अभ्यास झाला आहे का? झाला आहे. न्यूझीलंडमधल्या मार्शल, यंग आणि रोझ या तीन संशोधकांनी अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातल्या शेअरांवर मेणबत्त्यांच्या आकृत्या तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या आकृत्यांवर सौदे करून फायदा होत असल्याचे त्यांना आढळले नाही. नरसिंहन जगदीश या अर्थशास्त्रज्ञांच्या १९९० च्या अभ्यासात असे दिसले की एखाद्या महिन्यात जे शेअर फार चढतात, ते लगेचच्या महिन्यात सरासरीने मागे राहतात. त्यांनीच शेरिडन टिटमन यांच्याबरोबर १९९३ साली दाखवले की तीन महिन्यांपासून वर्षभराच्या काळात जे चढलेले असतात, ते पुढचे काही महिने सरासरीने पुढेच राहतात. वरवर ही विधाने परस्परविरोधी वाटतात. पण थोड्या दिवसांची उडी आणि अनेक महिन्यांची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ही सरासरी शेकडो शेअरांची आहे. तुमच्यासमोरची एक मेणबत्ती सरासरीप्रमाणे वागेलच असे नाही.

छोट्या कंपन्यांच्या शेअरबाबत आणखी एक सावधगिरी सांगतो. अनेक शेअरांना दिवसाची मर्यादा असते: पाच टक्के, दहा टक्के, वीस टक्के. भाव वरच्या मर्यादेला टेकला की त्याच्यापुढे सौदा होत नाही. अशा दिवशी बंद भाव उच्चांकालाच असतो, आणि आलेखावर सुरेख मारुबोझू दिसते. पण इथे भाव थांबला तो नियमामुळे. दोन्ही बाजूंचे मोकळे सौदे होऊन तो तिथे पोहोचलेला नाही. अशा वेळी दिवसाची उलाढाल अवश्य पाहावी. थोड्याच शेअरांचे सौदे होऊन तो टोकाला बसलेला असेल, तर मूठभर लोकही तो तिथे बसवू शकतात. आणि खालच्या मर्यादेला टेकला की हाच शेअर विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. तिथे मध्य आणि नीचांक आखून काही उपयोग होत नाही, कारण आखलेल्या भावाला बाहेर पडताच येत नाही.

लाल मारुबोझूलाही हेच सगळे उलट लावावे. दिवसभर पडून नीचांकाला बंद झालेला भाव मोठ्या पडझडीच्या सुरुवातीचा असतो किंवा शेवटच्या घाबरटांनी विकल्याचा असतो. तिथेही उत्तर मेणबत्तीच्या अलीकडे-पलीकडेच शोधावे लागते.

शेजारचा मुलगा अजून येतो. आता तो मारुबोझू दाखवायला आला की आधी एका कागदावर तीन आकडे लिहून आणतो: धडाचा मध्य, नीचांक, आणि तिथपर्यंत थांबले तर जाणारे रुपये. परवा तिसरा आकडा त्याने स्वतःच दोनदा वाचला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवून दिली. मी काही विचारले नाही. चहा मात्र घेऊनच गेला.